सरासरीची सरासरी : कागदावर वाचायला लागलेली १६ मुलं

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आज टक्केवारीतल्या एका चुकीबद्दल बोलू या. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी तीच सांगते.

दोन शाळांची वाचन चाचणी झाली होती आणि एकत्रित माहिती भरायचं काम माझ्याकडे होतं. समजायला सोपं जावं म्हणून इथे आकडे सुटसुटीत घेते. गावातल्या मोठ्या शाळेत ९० मुलं, त्यांपैकी ४५ जणांना परिच्छेद वाचता आला, म्हणजे ५० टक्के. तांड्यावरच्या शाळेत १० मुलं, त्यांपैकी ९ जणांनी वाचला, म्हणजे ९० टक्के. मी ५० आणि ९० ची बेरीज केली, दोनने भागलं आणि लिहून टाकलं : ७० टक्के.

आता मुलंच मोजू. एकूण मुलं १००. वाचणारी ४५ अधिक ९, म्हणजे ५४. खरी टक्केवारी ५४! माझ्या कागदावर १६ मुलं न वाचताच वाचायला लागली होती. मदतीची गरज असलेली मुलं ४६ होती, कागदावर उरली ३०.

असं का झालं? दोनने भागताना मी दोन्ही शाळांना सारखंच वजन दिलं. त्यामुळे १० मुलांच्या शाळेचा आवाज ९० मुलांच्या शाळेइतकाच मोठा झाला. टक्केवारी म्हणजे भागाकार, त्याला अंश असतो आणि छेद असतो. छेद वेगवेगळे असताना भागाकारांची सरासरी काढायची नाही. आधी सगळे अंश मिळवायचे, मग सगळे छेद मिळवायचे आणि शेवटी एकदाच भागायचं.

आता आपल्या भागातलं खरं उदाहरण बघू. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३,६१,२९२ आणि क्षेत्रफळ १०,५२८ चौ. किमी होतं, म्हणून घनता ३१९. लातूरची लोकसंख्या २४,५४,१९६ आणि क्षेत्रफळ ७,१५७ चौ. किमी, म्हणून घनता ३४३. दोन्ही जिल्ह्यांची मिळून घनता किती? मुलं पटकन सांगतात, ३३१.

बेरीज करून बघा. एकूण लोक ५८,१५,४८८ आणि एकूण क्षेत्रफळ १७,६८५ चौ. किमी. भागाकार येतो सुमारे ३२९. नांदेडचं क्षेत्रफळ जास्त असल्यामुळे उत्तर नांदेडच्या आकड्याकडे सरकलं. दोनचाच तर फरक, असं वाटेल. पण ३३१ ला १७,६८५ ने गुणा, ५८,५३,७३५ येतात. म्हणजे जनगणनेत नसलेले ३८ हजारांवर लोक आपण तयार केले! पडताळा घ्यायची हीच सोपी रीत आहे : आलेल्या उत्तराला एकूण छेदाने गुणायचं आणि एकूण अंश परत मिळतो का ते बघायचं. थोडाफार फरक पूर्णांकामुळे पडतो, पण एवढा नाही.

इथे फरक लहान राहिला, कारण दोन्ही घनता जवळपास सारख्या आहेत. आकडे एकमेकांपासून लांब असले आणि छेदही लहानमोठे असले की काय होतं, ते राज्य घेऊन बघा. २०११ मध्ये महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते आणि राज्याची घनता होती ३६५. मुंबई शहराची घनता १९,६५२ आणि मुंबई उपनगराची २०,९८०. या दोघांचीच बेरीज ३५ ने भागली तरी सुमारे ११६१ येतात. बाकीचे ३३ जिल्हे ओसाड धरले तरी उत्तर राज्याच्या घनतेच्या तिप्पट! हे दोन जिल्हे मिळून जेमतेम ६०३ चौ. किमी, पण साध्या सरासरीत त्यांना नांदेडएवढंच वजन मिळतं.

कधी कधी मूळ संख्या हाती नसतात, फक्त टक्केवारी आणि पट असतो. तेव्हा प्रत्येक टक्केवारीला तिच्या पटाने गुणायचं, गुणाकारांची बेरीज करायची आणि एकूण पटाने भागायचं. हीच भारित सरासरी. वजन नेहमी छेदाचंच द्यायचं. घनतेत छेद क्षेत्रफळ आहे, म्हणून तिथे लोकसंख्येचं वजन दिलं तर उत्तर पुन्हा चुकतं.

मग साधी सरासरी कधीच नको का? दोन्ही वर्गांचा पट सारखा, समजा ३०-३० असेल, तर दोन्ही रीतींनी उत्तर एकच येतं. आणि प्रश्न मुलांबद्दल नसून शाळांबद्दल असेल, म्हणजे ‘शाळांचे निकाल सरासरी किती?’ असा असेल, तर ७० हे उत्तर बरोबर आहे. पण त्याला ‘७० टक्के मुलं वाचतात’ असं म्हणता येत नाही.

म्हणून वर्गात टक्केवारी आली की मुलांना एकच प्रश्न विचारायची सवय लावा : ‘किती जणांपैकी?’ आणि महिनाअखेरीस तक्ता भरताना तोच प्रश्न आपणही स्वतःला विचारू या.