रजाकालीन स्वयंचलित उत्तर : लेखन आणि पर्यायी संपर्क

कार्यालयीन पत्रलेखनात आपण समोरची व्यक्ती डोळ्यांपुढे ठेवून लिहितो. स्वयंचलित उत्तराचे तसे नसते. ते रजेवर जाण्यापूर्वी एकदाच लिहिले जाते आणि पुढे ज्या कोणाचा ईमेल येईल त्याला आपोआप पाठवले जाते. त्यामुळे त्यात ‘महोदय’ किंवा ‘महोदया’ न लिहिता ‘नमस्कार’ म्हणणे आणि ‘आपण’ हे सर्वनाम वापरणे सोयीचे ठरते.

एका महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागाच्या लिपिकाचे हे उत्तर पाहा :

‘मी दि. १५ नोव्हेंबरपर्यंत रजेवर आहे. तातडीचे काम असल्यास कार्यालयाशी संपर्क साधावा.’

व्याकरणदृष्ट्या यात दोष नाही. परंतु अर्जाची मुदत १२ नोव्हेंबरला संपत असेल, तर ते वाचणाऱ्या विद्यार्थ्याने काय करावे? कार्यालयात कोणाशी बोलायचे, हे कळत नाही. ‘पर्यंत’ या शब्दाने संदिग्धताही निर्माण होते; लिपिक १५ तारखेला कामावर असेल की १६ला? म्हणून रजेच्या शेवटच्या दिवसाऐवजी कामावर परतण्याचा दिवस वारासह द्यावा.

आता सुधारलेला मसुदा वाचा :

‘नमस्कार. आपला ईमेल पोहोचला आहे, आवर्जून लिहिल्याबद्दल आभार. मी सध्या रजेवर असून सोमवार, दि. १६ नोव्हेंबर रोजी कामावर येईन आणि त्यानंतर आपल्याला उत्तर देईन. शिष्यवृत्ती अर्जाची मुदत त्यापूर्वी संपत असल्यास कृपया विभागातील वरिष्ठ लिपिकांना shishyavrutti@example.com या पत्त्यावर लिहावे. ते कामाच्या दिवशी सकाळी ११ ते सायंकाळी ५ या वेळेत उपलब्ध आहेत. आपला हा ईमेल त्यांच्याकडे आपोआप जात नाही. तो अर्ज क्रमांकासह पुन्हा पाठवावा.’

या मसुद्यातील शेवटचे वाक्य बहुधा गाळले जाते आणि खरा घोटाळा तिथेच होतो. स्वयंचलित उत्तर मूळ ईमेल पुढे पाठवत नाही. पर्यायी व्यक्तीचा पत्ता दिसला की वाचक आपले काम तिच्याकडे सोपवले गेले असे समजून वाट पाहत बसतो, आणि तिला मात्र त्याची वार्ताही नसते. तिला पूर्वकल्पना देऊन संमती घेणे आणि ती स्वतः त्या काळात रजेवर नाही ना, हे पाहणे ही लेखनापूर्वीची कामे होत. दिवाळीच्या दिवसांत तर दोघेही रजेवर असण्याचा संभव अधिक!

आपुलकीला एक वाक्य पुरेसे आहे. प्रवासाचे ठिकाण अथवा आजाराचे कारण अनोळखी वाचकाला सांगू नये.

जीमेलमध्ये ही सोय ‘Vacation responder’ या नावाने सेटिंगमध्ये आढळते. त्यात रजेचा पहिला दिवस भरावा लागतो आणि शेवटचा दिवसही भरता येतो. म्हणजे वरील उदाहरणात शेवटचा दिवस १५ नोव्हेंबर. एकाच व्यक्तीने लागोपाठ ईमेल केले, तरी तिला हे उत्तर साधारणतः चार दिवसांतून एकदाच जाते. रजा सुरू होण्यापूर्वी पहिला दिवस चाचणीपुरता त्याच दिवसाचा ठेवून ते चालू करावे, दुसऱ्या खात्यावरून स्वतःलाच ईमेल पाठवावा आणि आलेल्या उत्तरातील पर्यायी पत्त्यावर खरोखर लिहून पाहावे. पत्त्यातील एखादे अक्षर चुकले असेल, तर ते याच वेळी लक्षात येते.