चुकीचे मूळ

(चाचणी परीक्षेत बीजगणितात फार थोडे गुण मिळाल्यामुळे एक विद्यार्थी खिन्न झाला होता. त्याला घरी शिकवणाऱ्या मास्तरांनी लिहिलेले हे पत्र आहे.)

सोलापूर

चि. बाळ यास,

अनेक आशीर्वाद.

काल तू माझ्याकडे ठेवून गेलास ती उत्तरपत्रिका मी रात्री सावकाश पाहिली. वीस उदाहरणांपैकी अकरा चुकली आहेत. शेवटच्या पानाच्या तळाशी तू पेन्सिलीने लिहिले आहेस, ‘मला बीजगणित येणार नाही.’ या वाक्याकडे मी शेवटी वळेन. आधी त्या अकरा चुका पाहू.

मी त्या एका कोऱ्या कागदावर उतरवून काढल्या आणि सारख्या दिसणाऱ्या चुका एकत्र ठेवल्या. तेव्हा अकरा चुकांचे तीनच गट झाले. पहिल्यात सहा, दुसऱ्यात चार आणि तिसऱ्यात एकच चूक आली.

पहिल्या गटातील हे उदाहरण पाहा :

१२ − २(क्ष − ३) = ८

तू पुढची पायरी लिहिलीस, १२ − २क्ष − ६ = ८, आणि क्ष = −१ असे उत्तर काढलेस. आता हे उत्तर मूळ उदाहरणात घालून पाहा. कंसातील संख्या −४ होते, तिची दुप्पट −८ होते आणि ती १२ मधून वजा केली की २० उरतात. उरायला हवे होते ८. म्हणजे उत्तर चुकले, पण कशामुळे?

येथे −६ हे दोन कारणांनी आले असेल. एक तर उणे दोनला उणे तीनने गुणल्यास अधिक सहा होतात, हे तुला ठाऊक नसेल. नाही तर कंसाबाहेरचे उणे चिन्ह कंसातील पहिल्याच पदाला लागते, असे तुला वाटत असेल. दोन्ही कारणांनी कागदावर सारखीच चूक उमटते, पण दोहोंवरचे उपाय मात्र निराळे आहेत. म्हणून मी तुझा पहिला प्रश्न उघडून पाहिला. तेथे (−२) × (−३) = ६ असे तू बरोबर लिहिले आहेस. तेव्हा चिन्हांचा नियम तुला येतो; अडते ते कंसापाशी.

कंस म्हणजे काय, हे दुकानात जाऊन पाहू. तुझ्याजवळ १००० रुपये आहेत. एका चादरीची किंमत क्ष रुपये आहे आणि दुकानदार प्रत्येक चादरीवर ३० रुपये सूट देतो. तू दोन चादरी घेतल्यास, तर उरलेले रुपये १००० − २(क्ष − ३०) होतात. समज, दुकानदाराने आधी दोन्ही चादरींची पूर्ण किंमत, म्हणजे २क्ष रुपये घेतले. मग सुटीचे ६० रुपये त्याने तुला परत द्यावयास नकोत काय? म्हणून आपण १००० − २क्ष + ६० असे लिहितो. तुझ्या रीतीने तो परत देण्याऐवजी आणखी ६० रुपये मागून घेईल! शेवटी ३६० रुपये उरले असतील, तर २क्ष = ७०० आणि क्ष = ३५०. ताळा करून पाहा : सूट वजा जाता एक चादर ३२० रुपयांना पडली, दोन चादरींचे ६४० झाले, आणि १००० मधून ३६० उरले.

आता दुसरा गट. येथे चारही ठिकाणी तू ३क्ष + ५ = ८क्ष अशा तऱ्हेचे लिहिले आहेस. याचे मूळ तुझ्या अंकगणिताच्या सवयीत आहे. अंकगणितात दोन संख्यांमध्ये अधिक चिन्ह दिसले की त्यांची बेरीज करून एक संख्या लिहावयाची असते. ती लिहीपर्यंत उदाहरण अपुरे वाटते. बीजगणितात मात्र ३क्ष + ५ हेच पुरे उत्तर असू शकते. तीन पिशव्यांत प्रत्येकी क्ष शेंगा आहेत आणि पाच शेंगा बाहेर सुट्या पडल्या आहेत. पिशवीत किती शेंगा आहेत हे कळेपर्यंत त्या सुट्या पाच शेंगांच्या पाच पिशव्या कशा करता येतील?

अशा वेळी क्ष च्या जागी एखादी संख्या घालून पाहावी. मात्र १ घालू नकोस. १ घातल्यास दोन्ही बाजूंना ८ येतात आणि चूक लपून राहते. २ घातल्यास एकीकडे ११ आणि दुसरीकडे १६ येतात. अशा परीक्षेसाठी १ हा साक्षीदार कच्चा होय.

तिसऱ्या गटात एकच चूक आहे. तू सात आठे चोपन्न लिहिलेस. पण त्याच उत्तरपत्रिकेत आणखी दोन ठिकाणी तू छप्पन्न लिहिले आहेस. ही केवळ घाईतील चूक होय. तिच्यामागे गैरसमज नाही. दोहोंतील फरक असा ओळखावा. घाईची चूक कोठेही होते आणि पुन्हा पाहिले की आपली आपल्याला दिसते. गैरसमजाची चूक नेमक्या त्याच जागी पुनःपुन्हा होते आणि कितीदा पाहिले तरी बरोबरच वाटते, कारण तेथे आपण एक नियम पाळत असतो. तो नियमच चुकीचा असतो.

अशी चूक फार मोठ्या गणितज्ञाच्या हातूनही झाली आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ लिहिला. आपल्या सोलापुरातील जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ साली तो हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. त्यात महावीराचार्य म्हणतात की, कोणत्याही संख्येला शून्याने गुणल्यास शून्य येते. परंतु शून्याने भागल्यास ती संख्या तशीच राहते. शून्य वजा केल्यास संख्या बदलत नाही, हे खरे. पण भागाकाराचे तसे नाही. ६ ला २ ने भागल्यास ३ येतात, कारण ३ गुणिले २ म्हणजे ६. मग ६ ला शून्याने भागून ६ येत असतील, तर ६ गुणिले शून्य म्हणजे ६ व्हावयास हवेत. ते तर शून्य होतात, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे! एवढा एक ताळा घेतला की चूक उघडी पडते. आज आपण शून्याने भागाकार करीतच नाही. या एका विधानामुळे त्यांच्या बाकीच्या ग्रंथाला बाध आला नाही. फक्त तेवढे विधान दुरुस्त करावे लागले.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येतो. ‘मला बीजगणित येणार नाही’ हे खोडून टाक. या उत्तरपत्रिकेवरून ते सिद्ध होत नाही. त्या जागी दोन वाक्ये लिही : ‘कंसामागे उणे आले की मी आतील दुसऱ्या पदाचे चिन्ह बदलत नाही. सुटी संख्या मी क्ष च्या संख्येत मिळवून टाकतो.’ पहिल्या वाक्यावर काही उपाय नव्हता. या दोन वाक्यांवर आहे. रविवारी सकाळी येताना १५ − ३(क्ष − २) चा कंस सोडवून आण, आणि क्ष च्या जागी ४ घालून स्वतःच ताळा पाहून ये.

तुझे
मास्तर

स्वाध्याय

१. −६ येण्याची दोन कारणे कोणती असू शकतात? त्यांपैकी खरे कारण मास्तरांनी कसे ओळखले?
२. घाईची चूक व गैरसमजाची चूक यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
३. एका विद्यार्थ्याने ४क्ष + ३ = ७क्ष असे लिहिले. क्ष = १ आणि क्ष = ५ घालून काय दिसते ते लिहा.
४. आपल्या जुन्या वहीतील पाच चुका निवडा, त्यांचे गट पाडा आणि प्रत्येक गटाचे मूळ एका वाक्यात लिहा.