मागणी-पुरवठ्याची आकृति काढतांना

आकृति सुबक, रेघा पट्टीनें ओढलेल्या, नांवें वळणदार अक्षरांत. आणि तरीही गुण अर्धेच. अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिका परत मिळाल्या म्हणजे ही तक्रार विद्यार्थ्यांकडून व कधीं कधीं त्यांच्या पालकांकडूनही ऐकूं येते. परीक्षक आकृतींत काय पाहतो हें कळलें, तर तक्रारीचें कारणही कळतें.

अमेरिकेंतील कॉलेज बोर्ड ही संस्था आपल्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्यांचीं गुणदानपत्रकें उघडपणें प्रसिद्ध करते. परीक्षा दूरची खरी, पण आकृति तीच असल्यामुळें तीं पत्रकें आपणांसही वाचण्याजोगीं आहेत. तेथें परीक्षार्थ्यांस सूचनाच असते कीं, आकृतींतील प्रत्येक अक्षास व प्रत्येक वक्रास स्पष्ट नांव द्यावें आणि बदलाची दिशा दाखवावी. गुणही एकरकमी नसतात. नांवांसह मूळ आकृति व तींतील समतोल यांस एक गुण, योग्य वक्र योग्य दिशेस सरकविल्यास दुसरा, अशी वांटणी त्यांत वारंवार आढळते. सुबकपणाला निराळा गुण नाहीं. आकृति ही शोभेसाठीं नसून उत्तराचाच एक भाग आहे, असें परीक्षक धरून चालतो.

एक उदाहरण घेऊं. एका बाजारपेठेंत कांद्याचा भाव किलोस १०, २०, ३०, ४० व ५० रुपये असतां मागणी अनुक्रमें ५०, ४०, ३०, २० व १० क्विंटल आहे, आणि त्याच भावांना पुरवठा १०, २०, ३०, ४० व ५० क्विंटल आहे, असें समजा. उभ्या अक्षावर किंमत आणि आडव्या अक्षावर नग मांडावयाचे. गणिताच्या तासाला कारण आडव्या अक्षावर व परिणाम उभ्या अक्षावर मांडण्याची संवय झालेली असते, म्हणून येथें पुष्कळांची गफलत होते. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाच्या १८९० च्या ग्रंथापासून किंमत उभ्या अक्षावर मांडण्याची ही रीत रूढ झाली. तिच्याशीं वाद न घालतां ती पाळावी हें बरें. अक्षांस नुसतें 'किंमत' न म्हणतां 'किंमत (दर किलोस रुपये)' आणि 'नग (क्विंटल)' असें लिहावें. मागणीचा वक्र 'म म' डावीकडून उजवीकडे उतरतो, पुरवठ्याचा 'प प' चढतो, आणि दोघे ३० रुपये व ३० क्विंटल येथें छेदतात. त्या बिंदूस 'स' म्हणूं. तेथून दोन्ही अक्षांपर्यंत तुटक रेषा न्याव्या आणि त्या जेथें टेकतील तेथें आंकडे लिहावे. ज्या आकृतींत छेदनबिंदु आहे पण अक्षांवर कांहींच लिहिलेलें नाहीं, तींत समतोल किंमत किती हें परीक्षकानें वाचावें कोठून?

आतां अवकाळी पावसानें पीक नासलें आणि प्रत्येक भावाला पुरवठा पूर्वीपेक्षां २० क्विंटलनीं घटला. म्हणजे ३० रुपयांस १०, ४० रुपयांस २० आणि ५० रुपयांस ३० क्विंटल. नवा वक्र 'प१ प१' जुन्याच्या डावीकडे येतो. हीच खरी अडचणीची जागा होय. पुरवठ्याचा वक्र चढता असल्यामुळें डावीकडे गेलेला वक्र डोळ्यांस वर गेल्यासारखा दिसतो, आणि विद्यार्थी 'पुरवठा वर गेला' असें लिहून बसतो. तें टाळण्याचा उपाय सोपा आहे: बाणाची खूण नेहमीं आडवी काढावी. एका ठराविक भावावर बोट ठेवून 'या भावाला आतां नग अधिक येतील कीं कमी' एवढेंच विचारावें. कमी असतील तर वक्र डावीकडे, अधिक असतील तर उजवीकडे.

नवा छेदनबिंदु 'स१' ४० रुपये व २० क्विंटल येथें येतो. जुन्या ३० रुपये भावाला मागणी ३० व पुरवठा अवघा १० क्विंटल, म्हणजे २० क्विंटलांचा तुटवडा. त्या तुटवड्यानेंच भाव वर चढला. हें वाक्य उत्तरांत अवश्य यावें, कारण भाव कां चढला हें नुसती आकृति सांगत नाहीं. आणखी एक गोष्ट पाहा. वक्र २० क्विंटलनीं सरकला, परंतु विक्री १० क्विंटलनींच घटली. भाव चढतांच शेतकरी थोडा अधिक माल आणतात आणि गिऱ्हाइकें थोडा कमी घेतात. त्यामुळें उरलेला फरक भरून निघतो. दोन वक्रांमधील अंतर म्हणजेच विक्रींतील घट, असें समजणें चूक.

मागणीचा वक्र मात्र जागचा हललेला नाहीं. 'भाव वाढला म्हणून मागणी कमी झाली' असें लिहून दुसरा 'म म' डावीकडे काढणारे विद्यार्थी दरवर्षीं निघतात, आणि त्या एका रेघेनें सारें उत्तर बिघडतें. गिऱ्हाइकें त्याच वक्रावरून 'स' पासून 'स१' पर्यंत वर सरकलीं. आपल्या बारावीच्या पुस्तकांत यालाच मागणीचा संकोच म्हटलें आहे. किंमतीखेरीज दुसऱ्या कारणानें, जसें उत्पन्न किंवा आवड बदलल्यानें, मागणी कमी झाली तर तो ऱ्हास, आणि तेव्हांच वक्र सरकतो. म्हणून आकृति काढण्यापूर्वीं प्रश्नांत दिलेलें कारण अधोरेखित करावें. कारण एक असेल तर सरकणारा वक्रही एकच.

कारणें दोन असल्यास मात्र दोन्ही वक्र हलतात, आणि तेथें हुशार विद्यार्थीही फसतो. समजा, पावसाच्याच सुमारास लग्नसराई आली आणि प्रत्येक भावाला कांद्याची मागणी वाढली. ही वाढ १० क्विंटल असेल तर नवा समतोल ४५ रुपये व २५ क्विंटल येथें होतो; २० असेल तर ५० रुपये व पूर्वीचेच ३० क्विंटल; आणि ३० असेल तर ५५ रुपये व ३५ क्विंटल. तिन्ही वेळां भाव वाढला, पण विक्री एकदां घटली, एकदां तेवढीच राहिली आणि एकदां वाढली. प्रश्नांत आंकडे नसतील तर आपल्या हातून जी रेघ जेथें पडली तिच्यावरून 'नग वाढले' असें सांगणें म्हणजे आपल्याच पट्टीची साक्ष काढणें होय. अशा वेळीं 'किंमत निश्चित वाढेल. नगांतील बदल कोणता वक्र अधिक सरकतो यावर अवलंबून असल्यानें तो अनिश्चित' असें लिहावें. वर सांगितलेल्या गुणदानपत्रकांत अशा प्रश्नांना 'अनिश्चित' या शब्दासच गुण ठेवलेला असतो.