पेट्रोलचे पावणेदोनशे डॉलर

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

चि. अथर्व यास,


तू पाठवलेला स्क्रीनशॉट पाहिला. पेट्रोल भरलंस ३४ डॉलर १० सेंटचं आणि खात्यावर दिसताहेत १७५. त्याखाली ‘मावशी, पंपवाल्याने लुबाडलं’ असंही लिहिलंयस. पंपवाल्याला आजमितीला तुझे १७५ तर सोडच, हक्काचे ३४ सुद्धा मिळालेले नसतील. पैसे तुझ्याच खात्यात आहेत, फक्त बँकेने त्यांवर हात ठेवलाय. कार्ड विभागात माझी इतकी वर्षं गेली, पण दर ऑगस्टमध्ये नवीन विद्यार्थी आले की हाच प्रश्न घेऊन फोन सुरू होतात. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

साताऱ्याला आपल्या पंपावर कसं असतं आठव. मुलगा ‘शून्य बघा साहेब’ म्हणतो, पेट्रोल भरतो आणि मग मशीन पुढे करतो. तेव्हा आकडा ठरलेला असतो, त्यामुळे तेवढेच पैसे जातात. तिकडे टेक्सासमध्ये तू आधी कार्ड घालतोस, मग नळी उचलतोस. त्या घडीला तू ५ डॉलरचं भरणार की ट्रकची टाकी फुल्ल करणार, हे पंपाला ठाऊक नसतं. भरून निघून गेलास आणि खात्यात पैसेच नसले तर नुकसान त्याचं. म्हणून तो पेट्रोल सोडण्याआधी बँकेला विचारतो, ‘एवढ्या रकमेची हमी देता का?’ बँक हो म्हणते आणि तेवढी रक्कम बाजूला अडकवून ठेवते. यालाच प्री-ऑथरायझेशन म्हणतात, बोलताना नुसतं ‘होल्ड’. व्हिसा आणि मास्टरकार्डने याची कमाल मर्यादा २०२२ मध्ये, पेट्रोल भडकलं तेव्हा, १२५ वरून १७५ डॉलरवर नेली. तुझा आकडा तिथून आलाय. सगळेच पंप एवढी मागतात असं नाही, कुणी ५० मागतो, कुणी १००. काही पंप नुसत्या १ डॉलरची विचारणा करतात. त्यात वेगळीच गंमत होते. खात्यावर १ डॉलर दिसतो, माणूस खूश होतो, आणि दोन दिवसांनी खरे ४० वजा झाले की दचकतो. (आमच्या न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, माणूस येऊन भरतो. पण तोही कार्ड आधी पंपातच घालतो, त्यामुळे होल्ड आम्हालाही चुकत नाही.)

आता तुझाच हिशेब घेऊ. शुक्रवारी संध्याकाळी खात्यात २३० होते. १७५ अडकले, म्हणजे वापरायला उरले ५५. शनिवारी इंडियन स्टोअरमध्ये किराणा झाला ६१ डॉलरचा, आणि कार्ड नाकारलं गेलं. ॲपमध्ये दोन शिल्लक रकमा दिसतात, करंट आणि अव्हेलेबल. तू वरची पाहिलीस, तिथे २३० होते. कार्ड चालतं ते अव्हेलेबलवर. क्रेडिट कार्ड असतं तर १७५ तुझ्या उधारीच्या मर्यादेतून अडकले असते आणि तुला कदाचित पत्ताही लागला नसता. डेबिट कार्डावर रोख पैसा अडकतो, म्हणून चटका बसतो.

हा होल्ड आपोआप सुटतो दोनच वाटांनी. पहिली वाट सरळ आहे. तू नळी जागेवर ठेवलीस की पंपाकडून बँकेला अंतिम रकमेचा निरोप जायला हवा. तो लगेच गेला आणि तुझ्या बँकेच्या यंत्रणेने लगेच जुळवून घेतला, तर १७५ जाऊन तिथे ३४.१० दिसायला काही मिनिटं किंवा तासच लागतात. कार्ड घालून पिन टाकला तर बहुधा असंच होतं. पिन न टाकता ‘क्रेडिट’ दाबून डेबिट कार्ड वापरलं, तर मात्र कित्येक पंप दिवसभराचे व्यवहार एकगठ्ठा पाठवतात आणि बँक ते कामाच्या दिवशी खात्यावर चढवते. तू शुक्रवारी संध्याकाळी भरलंस, मध्ये शनिवार-रविवार आले. म्हणून अजून लटकलंय.

दुसरी वाट मुदतीची. निरोप आलाच नाही, तर ठरावीक काळाने बँक स्वतःच होल्ड काढून टाकते. ही मुदत प्रत्येक बँकेची वेगळी, डेबिटवर बहुधा एक ते तीन दिवसांची. कधी कधी निरोप येतो, पण मूळ मंजुरीशी जुळत नाही. तेव्हा ३४.१० पक्के वजा होतात आणि १७५ ही तसेच पेंडिंगमध्ये उभे राहतात. तुझ्या खात्यावर तसं झालं तर अव्हेलेबल फक्त २०.९० दिसेल. घाबरू नकोस, दोनदा पैसे गेलेले नाहीत. पेंडिंगमधली ओळ मुदत संपली की आपोआप गळते, परताव्याची वेगळी नोंद तुला दिसणार नाही. लोक नेमकी ती नोंद शोधत बसतात.

एक गोष्ट मात्र सांभाळ. पंपाने कार्ड वाचलं आणि मध्येच ‘आत कॅशियरला भेटा’ असं दाखवलं, तर तेच कार्ड शेजारच्या पंपात घालू नकोस. पहिल्या वेळची मंजुरी बँकेत पोचलेली असू शकते, आणि मग ३५० अडकतात. थेंबभर पेट्रोल न भरताही होल्ड लागतो तो असा.

खात्यात तीन-चारशेच्या आत पैसे असताना सरळ आत काउंटरवर जा. ‘पंप नंबर चार, वीस डॉलर’ एवढं म्हण. वीसच जातात. फक्त टाकीत मावेल त्यापेक्षा कमीच सांग. चाळीस देऊन तेहतीसचंच मावलं, तर वरचे सात परत यायलाही कार्डावर दिवस लागू शकतात. भाडं महिन्याच्या एक तारखेला खात्यातून आपोआप जातं ना तुझं? मग त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत डेबिट कार्ड पंपात घालूच नकोस. होल्डपायी भाडं परत गेलं तर घरमालकाचा दंड वेगळा, आणि काही बँका आपलाही लावतात.

या वेळचं सांगते. सोमवारी रात्रीपर्यंत वाट पाहा. मंगळवारी दुपारीही १७५ दिसले तर कार्डामागच्या नंबरवर फोन कर. पंपावर जाऊन भांडू नकोस, त्या पोराच्या हातात काही नसतं. फोनवर ‘तक्रार नोंदवायचीय’ असंही म्हणू नकोस, कारण पेंडिंग व्यवहारावर बँक बहुधा तक्रार घेत नाही आणि तू तिथेच अडकशील. एवढंच विचार: अंतिम रक्कम आली का, आणि होल्ड कोणत्या तारखेला संपतो? पावती हाताशी ठेव. त्यावरची वेळ आणि मंजुरीचा क्रमांक वाचून दाखवलास, तर काही बँका पंपाशी बोलून तो आधीही काढतात. पावती घेतली नसशील तर पंपावर आत जाऊन तारीख आणि पंप नंबर सांग, बहुतेक ठिकाणी पुन्हा छापून देतात.

किराण्यासाठी ६० डॉलर झेलने पाठवलेत. ते आज लगेच दिसतील.

तुझी,
मावशी