गीबतीचा दर्स आणि हातातील कार्ड

गीबतीवरील दर्स आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत गीबतीला मृत भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे, हे घरातील लहान मुलेही सांगतात. एखाद्यात खरोखर असलेला दोष त्याच्या पाठीमागे, त्याला न आवडेल अशा रीतीने सांगणे म्हणजे गीबत. नसलेला दोष चिकटवणे म्हणजे बुहतान, हा सहीह मुस्लिममधील भेदही परिचित आहे. तरीही दर्स संपवून घरी पोहोचावे तोच एखाद्या स्थळाची चौकशी करणारा फोन येतो आणि आपण गोंधळतो. खरे सांगावे तर गीबत घडेल, न सांगावे तर कुणाच्या तरी मुलीचे आयुष्य पणाला लागेल. व्याख्यानातून नियम कळतो. दोन कर्तव्ये एकाच क्षणी समोर आली असता काय करावे, याचा सराव मात्र त्यातून होत नाही. त्या सरावासाठी दर्साचे प्रसंग-कार्डांत रूपांतर कसे करावे, ते येथे एकाच कार्डाच्या आधारे पाहू.

प्रारंभ दर्साच्या टिपणापासून करावा. पेन्सिल घेऊन, जेथे जेथे वक्त्याने ‘मात्र’, ‘गरज असेल तर’, ‘अपवाद’ असे शब्द वापरले असतील तेथे खूण करावी. पेच नेमका तेथेच असतो. जेथे हुकूम सरळ आहे तेथे कार्ड करण्यात अर्थ नाही. ‘शेजारणीची चेष्टा करावी का?’ या प्रश्नाचे उत्तर कार्ड वाचण्यापूर्वीच ठाऊक असते आणि चर्चा दोन मिनिटांत आटोपते. इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये गीबतीची मुभा असलेले सहा प्रसंग नोंदवले आहेत. जुलमाची दाद मागणे, वाईट कृत्य थांबवण्यासाठी साहाय्य मागणे, फतवा विचारणे, लोकांना हानीपासून सावध करणे, उघडपणे पाप करणाऱ्याच्या त्या पापाचा उल्लेख आणि केवळ ओळख पटवण्यासाठी सांगणे, हे ते सहा. यांतील चौथा प्रसंग आपल्या घरांत सर्वाधिक येतो, कारण निकाहाच्या बाबतीतील सल्ला त्यातच मोडतो. म्हणून आपले कार्ड त्यावर करू.

कार्डाच्या दर्शनी बाजूवर पुढील मजकूर लिहावा:

‘फरीदा आपांना परगावाहून एका आईचा फोन येतो. “तुमच्या वरच्या मजल्यावरील इमरानचे स्थळ आमच्या मुलीला आले आहे. मुलगा कसा आहे, अल्लाहला स्मरून सांगा.” आपांना तीन गोष्टी ठाऊक आहेत. इमरानची नोकरी दोनदा सुटली, हे साऱ्या इमारतीला माहीत आहे. तो कर्जात बुडाला आहे, असे लोक बोलतात. आणि दोन वर्षांत तीनदा त्याने रागाच्या भरात धाकट्या बहिणीला मारल्याचे आपांनी स्वतः पाहिले आहे. इमरानची अम्मी आपांची जिवलग मैत्रीण आहे. पलीकडून पुन्हा प्रश्न येतो: “आपा, ऐकताय ना?”’

प्रसंग निर्णयाच्या क्षणीच थांबवायचा, पुढे काय झाले ते लिहायचे नाही. तिन्ही गोष्टी हेतुपूर्वक वेगवेगळ्या प्रतीच्या ठेवल्या आहेत. एक सर्वज्ञात, दुसरी ऐकीव, तिसरी डोळ्यांनी पाहिलेली. तिन्ही एकाच प्रतीच्या असत्या तर ‘सांगावे की न सांगावे’ एवढाच वाद उरला असता.

मागील बाजूवर, या उत्तराचा परिणाम कोणाकोणावर होईल त्यांची नावे लिहावीत. मंडळातील लोक आधी मुलगी, तिचे आईवडील, इमरान, त्याची अम्मी आणि स्वतः आपा एवढी नावे सांगतात. मार खाणारी बहीण बहुधा कोणाच्याच लक्षात येत नाही. तिच्या घरातील गोष्ट परगावी पोहोचणार आहे आणि ती कोणी सांगितली याचा संशय तिच्यावरच येऊ शकतो. म्हणून कार्डावर तिची जागा रिकामी ठेवून ‘आणखी कोण?’ एवढेच लिहावे.

प्रश्न मोजके असावेत, आणि ‘योग्य काय?’ असे विचारू नये; त्याला सर्वजण पाठ केलेले उत्तर देतात. त्याऐवजी असे विचारावे: तीनपैकी कोणती गोष्ट या निकाहाशी थेट संबंधित आहे? ‘चांगला मुलगा आहे’ एवढे म्हणून फोन ठेवला, तर त्याची किंमत कोण मोजील? आपांच्या तोंडचे नेमके वाक्य मोठ्याने म्हणून दाखवा. हा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड जातो. ‘सावध करावे’ असे ठामपणे म्हणणारी माणसे ते वाक्य रचताना अडखळतात, आणि खरी चर्चा तेथून सुरू होते.

पाच-सहा जणांत एक कार्ड आणि वीस मिनिटे पुरतात. दलील स्वतंत्र कागदावर, दुमडून ठेवावी. ती आधी उघडली की कोणी बोलत नाही. त्या कागदावर सहीह मुस्लिममधील फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांची घटना असावी. इद्दत पूर्ण झाल्यावर त्यांना मुआविया (रजि.) आणि अबू जहम (रजि.) यांच्याकडून मागण्या आल्या व त्यांनी प्रेषित (सल्ल.) यांना विचारले. अबू जहम खांद्यावरची काठी खाली ठेवत नाहीत आणि मुआविया निर्धन आहेत, असे सांगून प्रेषितांनी (सल्ल.) उसामा बिन जैद (रजि.) यांच्याशी निकाह करण्याचा सल्ला दिला. काठीच्या उल्लेखाचा अर्थ दुसऱ्या एका रिवायतीत स्पष्ट आला आहे: ते स्त्रियांना मारतात. येथे मंडळाचे लक्ष प्रमाणाकडे वेधावे. विचारणारी व्यक्ती स्वतः संबंधित होती, प्रत्येकाविषयी एकच गोष्ट सांगितली गेली आणि ती संसाराशी निगडित होती. इमाम नववी (रह.) यांनी ‘अल-अजकार’मध्ये याचीच मर्यादा सांगितली आहे. ‘हे स्थळ तुम्हाला योग्य नाही’ एवढ्याने काम भागत असेल, तर तपशिलात जाणे जायज नाही.

ही दलील वाचल्यावर कर्जाची ऐकीव गोष्ट आपोआप गळून पडते आणि नोकरीविषयी मुलाच्याच घरी विचारा असे सांगता येते. मारहाणीविषयी मात्र मतभेद उरतो. ‘योग्य नाही’ एवढे ऐकून मुलीची आई थांबेल का, की कारण विचारील? विचारले तर ‘त्याचा राग हातापर्यंत जातो, हे मी पाहिले आहे’ एवढे, बहिणीचे नाव न घेता सांगावे, असे माझे मत आहे. पण मंडळाने ते मान्य करावे असा आग्रह धरू नये. एखाद्याच्या घरी असाच प्रश्न प्रत्यक्ष उभा असेल, तर त्याला मंडळात उत्तर न देता मुफ्तीसाहेबांकडे पाठवावे.

एक धोका मी स्वतः अनुभवला आहे. पहिल्या खेपेस मी कार्डावरील नाव तेवढे बदलले होते, प्रसंग खराच होता. वाचून होताच एक खाला हळूच म्हणाल्या, “ही गोष्ट मागच्या गल्लीतल्या घरची ना?” गीबतीवरील कार्डानेच गीबत घडवली होती. तेव्हापासून नाते, व्यवसाय, गाव आणि घटनेचा क्रम हे सर्व बदलतो आणि मोहल्ल्यातील एका जाणत्या व्यक्तीला कार्ड आधी एकांतात वाचायला देतो. तिच्या मनात कोणाचेही नाव आले, तर ते कार्ड फाडून टाकतो.

शेवटची पाच मिनिटे उरली, तर त्याच कार्डात एकच गोष्ट बदलावी: फोन आलाच नाही, निकाह ठरल्याची मिठाई घेऊन इमरानची अम्मीच दाराशी आली आहे.