गुंतवणुकीतील जोखमीची वाटणी : एकूण चढउतारात कोणाचा वाटा किती?

आपली पुंजी एकाच ठिकाणी न ठेवता ती निरनिराळ्या ठिकाणी विभागून ठेवावी, हे आता गावोगावच्या कुटुंबांनाही ठाऊक झाले आहे. परंतु पैसा ज्या प्रमाणात विभागला त्याच प्रमाणात जोखीमही विभागली गेली, असा जो समज पुष्कळ ठिकाणी आढळतो, तो बरोबर नाही. रकमेची वाटणी आणि जोखमीची वाटणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी वाटणी कशी काढावयाची, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहणे सोयीचे होईल.

समजा, एका निवृत्त शिक्षकांजवळ १० लाख रुपयांची पुंजी आहे. त्यांपैकी ६ लाख रुपये शेअरमध्ये, ३ लाख सरकारी रोख्यांत आणि १ लाख सोन्यात आहेत. सोन्याचा भाव फार वरखाली होतो, म्हणून सोने विकून ती रक्कम बचत खात्यात ठेवावी आणि शेअर मात्र तसेच राहू द्यावेत, असा त्यांचा विचार आहे. हा विचार योग्य आहे काय?

प्रत्येकाची स्वतंत्र जोखीम

जोखीम मोजण्याचे नेहमीचे माप म्हणजे प्रमाण विचलन. वार्षिक उत्पन्न आपल्या सरासरीपासून साधारणतः किती दूर जाते, हे त्यावरून कळते. मागील ५ वर्षांच्या ६० महिन्यांचे उत्पन्न मांडून मासिक विचलन काढतात व त्याला १२ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.४६ ने, गुणून वार्षिक आकडा मिळवितात. आपल्या उदाहरणात हा आकडा शेअरसाठी २० टक्के, रोख्यांसाठी ५ टक्के आणि सोन्यासाठी २० टक्के धरू. रुपयांत सांगावयाचे तर शेअरची स्वतंत्र जोखीम १,२०,००० रुपये, रोख्यांची १५,००० रुपये आणि सोन्याची २०,००० रुपये होते.

या तिन्हींची बेरीज १,५५,००० रुपये येते. तथापि संपूर्ण पुंजीची जोखीम एवढी नसते. तिन्ही वस्तू एकाच दिवशी एकाच दिशेने हालत नाहीत. एक घसरते तेव्हा दुसरी कधी स्थिर राहते, कधी वाढते. संपूर्ण पुंजीची जोखीम या परस्पर हालचालींवर अवलंबून असते, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली गणिताने मांडले. या कार्याबद्दल १९९० साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

वाटा काढण्याची रीत

दोन वस्तू कितपत बरोबरीने हालतात हे सहसंबंध गुणांकाने दाखवितात. तो उणे १ पासून अधिक १ पर्यंत असतो. शेअर व रोखे यांचा गुणांक ०.३, शेअर व सोने यांचा उणे ०.१, आणि रोखे व सोने यांचा शून्य धरू. आता आकडे हजार रुपयांत घेऊन प्रत्येकासाठी एक ओळ मांडावी.

शेअरची ओळ अशी : स्वतःचा वर्ग, १२० गुणिले १२०, म्हणजे १४,४००. रोख्यांसह १२० गुणिले १५ गुणिले ०.३, म्हणजे ५४०. सोन्यासह १२० गुणिले २० गुणिले उणे ०.१, म्हणजे उणे २४०. या ओळीची बेरीज १४,७०० होते. त्याच रीतीने रोख्यांची ओळ २२५ अधिक ५४०, म्हणजे ७६५. आणि सोन्याची ओळ ४०० उणे २४०, म्हणजे १६०.

तिन्ही ओळी मिळून १५,६२५ होतात. याचे वर्गमूळ १२५. म्हणजे संपूर्ण पुंजीची जोखीम १,२५,००० रुपये ठरली. प्रत्येक ओळीला १२५ ने भागले की त्या त्या वस्तूचा वाटा मिळतो : शेअर १,१७,६०० रुपये, रोखे ६,१२० रुपये आणि सोने १,२८० रुपये. यांची बेरीज बरोबर १,२५,००० येते. ती तशी आली नाही, तर मांडणीत कोठेतरी चूक झाली आहे असे समजावे.

शेअरमध्ये पुंजीचा ६० टक्के भाग आहे. जोखमीत मात्र त्यांचा वाटा ९४ टक्के आहे. सोने शेअरइतकेच चंचल असूनही आणि पुंजीत १० टक्के असूनही, जोखमीत त्याचा वाटा जेमतेम १ टक्का आहे. वाटा ठरतो तो वस्तूच्या एकटीच्या चंचलतेवरून नव्हे, तर उरलेल्या पुंजीबरोबर ती कशी हालते यावरून.

सीमांत जोखीम

प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या रकमेने भागले असता सीमांत जोखीम मिळते. म्हणजे त्या वस्तूत आणखी एक रुपया घातल्यास एकूण जोखीम किती वाढेल, याचे उत्तर. शेअरसाठी ती १९.६ पैसे, रोख्यांसाठी सुमारे २ पैसे आणि सोन्यासाठी सुमारे १.३ पैसे आहे. सर्व रकमा दुप्पट केल्यास एकूण जोखीमही नेमकी दुप्पट होते. अशा राशींची वाटणी याप्रमाणे शेष न राहता पूर्ण होते, हा अठराव्या शतकातील गणिती ऑयलर यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत आहे.

शेअरमधील १०,००० रुपये काढून सोन्यात घातले, तर या हिशेबाने जोखीम १,८३२ रुपयांनी कमी व्हावी. सर्व गणित नव्याने मांडल्यास ती सुमारे १,८१० रुपयांनी कमी होते. अंदाज जवळचा आहे. परंतु १ लाख रुपये हलविल्यास अंदाज १८,३२० रुपयांचा निघतो आणि प्रत्यक्ष घट सुमारे १५,८०० रुपयांचीच होते. रकमा हलल्या की सीमांत जोखीमही बदलत जाते. म्हणून तिचा उपयोग लहान फेरबदलांपुरताच करावा.

वाट्याचा चुकीचा अर्थ

येथे एक चूक वारंवार होते. वाटा १,१७,६०० रुपयांचा आहे, म्हणून सर्व शेअर विकून पैसे बचत खात्यात ठेवल्यास जोखीम तेवढीच कमी होईल, असे समजले जाते. प्रत्यक्षात उरलेल्या रोखे व सोने यांची जोखीम २५,००० रुपये असते. म्हणजे घट १,००,००० रुपयांचीच होते. सोन्याच्या बाबतीत तर उलटच घडते. त्याचा वाटा अधिक १,२८० रुपये आहे. तरीही ते विकून रक्कम बचत खात्यात ठेवली, तर एकूण जोखीम कमी न होता १,२५,००० वरून सुमारे १,२५,३२० रुपयांवर जाते. शिक्षकांचा विचार म्हणून योग्य ठरत नाही. जोखीम कमी करावयाची असेल, तर हात शेअरकडे वळला पाहिजे.

हिशेबाची मर्यादा

या सर्व मांडणीचा सर्वांत नाजूक भाग सहसंबंध गुणांक हा आहे. तो मागील काळावरून काढलेला असतो आणि परिस्थिती पालटली की तोही पालटतो. २०२२ साली अमेरिकेत व्याजदर झपाट्याने वाढले, तेव्हा एकमेकांना सावरतील अशी अपेक्षा असलेले शेअर व रोखे एकाच वर्षी घसरले. आपल्या उदाहरणात शेअर व सोने यांचा गुणांक उणे ०.१ ऐवजी अधिक ०.३ धरला, तर एकूण जोखीम सुमारे १,३२,४६० रुपये होते, आणि सोन्याचा वाटा १,२८० वरून सुमारे ८,४६० रुपयांवर जातो. यास्तव गुणांक दोन-तीन निरनिराळ्या मूल्यांनी घेऊन वाटणी पुन्हा मांडावी. ज्या वस्तूचा वाटा प्रत्येक वेळी मोठाच निघेल, तिच्याविषयीचा निष्कर्ष भरवशाचा मानावा. प्रस्तुत उदाहरणात गुणांक असा बदलूनही शेअरचा वाटा सुमारे ८९ टक्के राहतो.