लकव्यानंतरचा घास

लकवा झालेला माणूस दवाखान्यातून घरी आला की घरचे मायेने पेज पाजतात. पुष्कळदा तो खाटेवर आडवा असतो आणि पेज पेल्याने तोंडात ओतली जाते. धोका इथेच आहे. लकव्याने हातापायांबरोबर घशाचे स्नायूही कमजोर होऊ शकतात. मग घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि छातीत न्यूमोनिया होतो. म्हणून घरी निघण्याआधीच, तोंडाने काय द्यायचे आणि ते किती पातळ किंवा घट्ट हवे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

जव्हारकडच्या एका पाड्यावर मी अशाच एका आजोबांच्या घरी जाते. त्यांची डावी बाजू गेली आहे. मऊ भात गिळता येतो, पण पाण्याने ठसका लागतो, कारण पाणी झटकन घशात सरकते आणि कमजोर घशाला सावरायला वेळ मिळत नाही. डॉक्टरांनी त्यांना मऊ भात आणि घट्ट पेज सांगितली आहे.

त्यांची सून आता असे करते. आजोबांना पाठ टेकून ताठ बसवते. बसवताना डावा हात ओढत नाही, कारण लुळा खांदा ओढल्याने निखळतो. तो हात मांडीवर उशी ठेवून तिच्यावर टेकवते. स्वतः समोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसते, म्हणजे त्यांची मान वर होत नाही. हनुवटी किंचित खाली असावी. घास चहाच्या चमच्याएवढा, तोंडाच्या उजव्या म्हणजे चांगल्या बाजूला. पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि तोंडात घास असताना बोलायला लावायचे नाही.

जेवण झाल्यावर ती डावा गाल तपासते. तिथे संवेदना कमी असल्याने भात साठून राहतो आणि त्यांना कळतही नाही. मग तोंड स्वच्छ करून आजोबांना अर्धा तास बसलेलेच ठेवते.

काही जणांना घास चुकीच्या नळीत गेला तरी ठसका येत नाही. गिळल्यावर आवाज ओला, घरघरता झाला, धाप लागली किंवा मागाहून ताप आला, तर भरवणे थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. झोपाळलेल्या माणसाला कधीच भरवू नये.

राहिला स्वतः जेवण्याचा प्रश्न. आजोबांचा उजवा हात चांगला आहे, तरी सून घाईमुळे भरवत असे. आता ताटाखाली ओला फडका घालते, म्हणजे ताट सरकत नाही, आणि ताट थोडे उजवीकडे ठेवते. पहिले पाच-सहा घास आजोबा स्वतः घेतात; दमले की उरलेले ती देते. भात सांडतो, वेळ दुप्पट लागतो. पण स्वतःच्या हाताने घास उचलला की तोंड वेळेवर उघडते आणि घास किती मोठा घ्यायचा ते माणूस स्वतः ठरवतो. शेजारी बसून लक्ष मात्र ठेवावे.